पंच्याऐंशी टक्के शीटला कळावेत म्हणून

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की यवत मागे पडल्यावर भांडगाव येतं. दौंड तालुक्यातलं हे गाव. कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस उभा असतो आणि पोचत नाही तिथे रब्बीची ज्वारी. ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते. त्याआधी घरचं बी वापरणाऱ्याने एक गोष्ट करायची असते, ती म्हणजे उगवण तपासणं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि दहाव्या दिवशी धड कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरांतले पंच्याऐंशी उगवले, तर उगवण पंच्याऐंशी टक्के.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोटाळा झाला तो पुढे, आमच्या गटातल्या सहा घरांचे आकडे एका शीटमध्ये आले तेव्हा. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून आपल्या रांगेत उगवण लिहिली आणि बेरीज-सरासरीचं काम माझ्याकडे आलं. कॉलम उघडला तेव्हा तो असा होता:

```
B2   85%
B3   ८५ टक्के
B4   पंच्याऐंशी टक्के
B5   साडेब्याऐंशी टक्के
B6   78
B7   ७० ते ७५ टक्के
```

वाचणाऱ्या माणसाला यात काहीच अडत नाही. पहिल्या तीन घरांचं बी सारखंच आहे. चौथ्याने शंभर-शंभरचे दोन गोणपाट लावले असणार, एकात ऐंशी आणि दुसऱ्यात पंच्याऐंशी उगवले, म्हणून मधला साडेब्याऐंशी. पाचव्याने टक्के लिहायचा कंटाळा केला. सहाव्याने नीट मोजलंच नाही. एवढं सगळं आपण एका नजरेत ओळखतो. मी खाली `=AVERAGE(B2:B7)` लिहिलं आणि उत्तर आलं `39.425`. त्या सेलला टक्क्यांचं रूप दिलं तर `3943%`.

हे उत्तर कुठून आलं ते समजलं की निम्मं काम झालं. शीटच्या दृष्टीने या सहा सेलांपैकी फक्त दोनांत संख्या आहेत. पहिल्यात `85%` असं टाइप झालं तेव्हा शीटने टक्क्याचं चिन्ह ओळखलं, आत `0.85` ठेवलं आणि आपल्याला दाखवायला `85%`. पाचव्यात नुसते `78` आहेत, म्हणजे खरोखर अठ्ठ्याहत्तर. ०.८५ आणि ७८ यांची सरासरी ३९.४२५ होते, आणि हिशोब म्हणून ती बिनचूक आहे. बाकीचे चार सेल शीटसाठी मजकूर आहेत, जसं एखाद्याचं नाव किंवा गटनंबराशेजारची टीप. AVERAGE आणि SUM ही फंक्शनं दिलेल्या पट्ट्यातला मजकूर मुकाट्याने सोडून देतात, तक्रार करत नाहीत. याच मजकुराला थेट गुणलं किंवा भागलं, म्हणजे `=B3*4` असं लिहिलं, तर मात्र शीट `#VALUE!` म्हणून ओरडतं. मला तो ओरडा परवडतो. गप्प राहून चार घरं गाळणारी सरासरी जास्त घातक, कारण ७८ ऐवजी तिथेही `78%` असतं तर उत्तर ८१.५ टक्के आलं असतं आणि कुणालाही संशय आला नसता.

म्हणून पहिली तपासणी सरासरीची नव्हे, मोजणीची करावी. `=COUNTA(B2:B7)` भरलेले सेल मोजतं, `=COUNT(B2:B7)` फक्त संख्या मोजतं. इथे पहिल्याचं उत्तर ६ आणि दुसऱ्याचं २. दोन आकडे जुळत नाहीत तोवर खालच्या कुठल्याही बेरजेवर विश्वास ठेवू नये. नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं तर, कुणी मुद्दाम बदललं नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या.

आता दुरुस्ती. मूळ कॉलमला मी हात लावत नाही. माणसाने काय लिहिलं होतं, तोच शेवटचा पुरावा असतो. शेजारच्या कॉलमांत एकेक पायरी करत जायचं, म्हणजे चूक कुठल्या पायरीवर शिरली ते दिसतं.

पहिली पायरी डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांची. ‘टक्के’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण शीटसाठी तो ट, क, हलन्त, क आणि एकाराची मात्रा असा पाच चिन्हांचा आहे. `=LEN("टक्के")` विचारलं तर उत्तर `5` येतं. काही कीबोर्ड जोडाक्षर लिहिताना हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर शब्द तोच दिसतो, LEN मात्र `6` सांगतं, आणि त्या शब्दात आपला पाच चिन्हांचा ‘टक्के’ शोधायला गेलं तर सापडत नाही. या जोडचिन्हाचा क्रमांक ८२०५. दुसरं अदृश्य प्रकरण म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०. दुसरीकडून मजकूर चिकटवला की ती अनेकदा बरोबर येते. TRIM हे फंक्शन साध्या मोकळ्या जागा काढतं, हिला ते हात लावत नाही. म्हणून C2 मध्ये:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "),UNICHAR(8205),"")
```

दुसरी पायरी अंकांची. ‘८५’ आणि ‘85’ आपल्यासाठी एकच आहेत, पण संगणकात प्रत्येक अंकाला आपला वेगळा क्रमांक आहे. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, एकाचा २४०७, असं करत नवाचा २४१५. इंग्रजी अंक ४८ ते ५७ मध्ये बसतात. देवनागरी अंकांना संख्या मानायचं की मजकूर, हे प्रोग्रॅमवर आणि त्याच्या भाषेच्या सेटिंगवर सोडून देण्यात अर्थ नाही. तीच फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की वेगळी वागायला नको. आपणच बदलून घेतलेलं बरं. दहा अंकांसाठी दहा SUBSTITUTE एकात एक गुंफता येतात आणि जुन्या एक्सेलमध्ये तेच करावं लागतं. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये हे एका ओळीत होतं. D2 मध्ये:

```
=REDUCE(C2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(t,n,SUBSTITUTE(t,UNICHAR(2406+n),n&"")))
```

याचा अर्थ असा, की ० ते ९ पर्यंत एकेक n घे, २४०६ मध्ये n मिळवून जो देवनागरी अंक येतो तो शोध आणि त्याच्या जागी n ठेव. देवनागरी अंकांचे क्रमांक ओळीने लागलेले आहेत म्हणून हे इतकं सुटसुटीत जमतं. B3 मधलं ‘८५ टक्के’ आता ‘85 टक्के’ झालं.

तिसरी पायरी टक्क्याची खूण काढायची. E2 मध्ये:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,"टक्के",""),"टक्का",""),"%",""))
```

उरतात नुसते `85`, पण अजून तो मजकूरच आहे. `VALUE` त्याला संख्या करतं आणि त्याला १०० ने भागलं की `0.85` मिळतं. शंभराने भागण्याची ही पायरी मी शेवटपर्यंत वेगळी ठेवतो आणि ती एकदाच होईल याकडे लक्ष देतो. `VALUE("85%")` असं चिन्हासकट दिलं तर शीट स्वतःच भागून `0.85` देतं. त्याला पुन्हा शंभराने भागलं तर `0.0085` होतं. चिन्ह आधी काढायचं ते यासाठीच. निम्म्या रांगांत चिन्ह आणि निम्म्यांत शब्द असले, की काही ठिकाणी एकदा आणि काही ठिकाणी दोनदा भागाकार होतो, आणि असली चूक कॉलमभर विखुरलेली असते.

आता B4, पंच्याऐंशी टक्के. खरा मराठी प्रश्न इथे सुरू होतो, आणि मला या सगळ्यात तोच सर्वांत आवडतो.

इंग्रजीत हाच आकडा ‘एटी फाइव्ह’ असा दोन तुकड्यांत येतो. एटी म्हणजे ऐंशी, फाइव्ह म्हणजे पाच, बेरीज पंच्याऐंशी. एक ते नव्व्याण्णव वाचायला तिथे सत्तावीस शब्द पुरतात, एक ते एकोणीसचे एकोणीस आणि वीस ते नव्वद दहांचे आठ. मराठीत हे तुकडे पडत नाहीत. शेवटी पाच येणाऱ्या संख्याच म्हणून पाहा: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. पाचाने पंच, पस्, पंचे, पंचा, पा, पंच्या अशी रूपं बदलली. दशकही जागचं राहत नाही. सत्तर हे हत्तर होतं, पन्नास हे वन्न होतं, नव्वद हे ण्णव होतं. शिवाय एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक ऊन, तोच नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि पुढे एकोणशंभर म्हणायच्या जागी आपण नव्व्याण्णव म्हणतो. या शब्दांना एक सुंदर इतिहास आहे, पण सूत्राने तुकडे पाडून ओळखण्याइतका नियम त्यांत नाही. एक ते नव्व्याण्णव यांचे नव्व्याण्णव शब्द पाठच असावे लागतात, मुलाला आणि शीटलाही.

हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा जाहीरपणे चर्चिला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं सुटं वाचनही आलं आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात आणि बोललेली संख्या लिहिताना अंकांची उलटापालट होते, ही त्यामागची अडचण होती. पंच्याऐंशी ऐकलं की आधी पाच ऐकू येतात आणि मग ऐंशी. लिहायचे मात्र आधी आठ आणि मग पाच. वादात कोणाची बाजू घ्यायची ते वाचकाने ठरवावं, पण शीटच्या बाजूने पाहिलं तर ‘ऐंशी पाच’ लिहिणाऱ्याचं काम झटकन होतं. मोकळ्या जागेवर तोडा, दोन शब्द शोधा, बेरीज करा. ‘पंच्याऐंशी’ला असं तोडता येत नाही.

तेव्हा उपाय एकच, यादी. त्याच फाइलमध्ये ‘अंक’ नावाचं दुसरं पान करायचं. पहिल्या कॉलममध्ये शब्द, दुसऱ्यात संख्या. शंभर ओळी एकदा लिहिल्या की जन्मभर पुरतात, असं मला आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात शंभरावर थांबता येत नाही, कारण माणसं एकच शब्द तऱ्हेतऱ्हेने लिहितात. पंच्याऐंशी, पंच्याऐशी, पंचाऐंशी. अठ्ठ्याऐंशीचं तर विचारूच नका. दोन ठ की एक, ठ्या की ठया, ऐवर टिंब आहे की नाही, एवढ्यावरच अर्धा डझन रूपं होतात. इथे शुद्धलेखन शिकवत बसण्यात अर्थ नाही. जे रूप लोक खरोखर लिहितात ते यादीत वेगळ्या ओळीत टाकायचं आणि समोर तेच `88` ठेवायचं. शीटला सापडलं नाही की ते `#N/A` दाखवतं. प्रत्येक `#N/A` म्हणजे यादीत घालायची पुढची ओळ.

जवळपास जुळणारा शब्द चालवून घ्यायचा मोह मात्र टाळावा. शोधण्याच्या फंक्शनात शेवटी `FALSE` लिहिलं तर ते तंतोतंत जुळलेलाच शब्द घेतं. ते विसरलं किंवा `TRUE` लिहिलं, तर यादी क्रमाने लावलेली आहे असं धरून ते जवळच्या ओळीवर थांबतं आणि पंच्याऐंशीच्या जागी पंच्याहत्तर हाती देऊ शकतं. दहा टक्क्यांचा फरक पडतो आणि चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही.

B5 मधलं साडेब्याऐंशी हेही आपलंच वैशिष्ट्य. साडे म्हणजे अर्धा मिळवा, सव्वा म्हणजे पाव मिळवा, पावणे म्हणजे पाव वजा करा. नवी मुंबईतली प्रकल्पग्रस्तांची ‘साडेबारा टक्के योजना’ सगळ्यांच्या तोंडी आहे. शीटमध्ये ती `0.125` होईल. यासाठी यादीत आणखी शेकडो ओळी घालायची गरज नाही. उपसर्ग काढून उरलेला शब्द शोधायचा आणि उपसर्गाची किंमत वर घालायची. F2 मध्ये:

```
=VLOOKUP(TRIM(SUBSTITUTE(E2,"साडे","")),'अंक'!A:B,2,FALSE)
 +IF(ISNUMBER(FIND("साडे",E2)),0.5,0)
```

ब्याऐंशी सापडले, त्यात अर्धा मिळाला, ८२.५ झाले. सव्वासाठी `0.25` आणि पावणेसाठी `-0.25` अशा आणखी दोन तुकड्यांची जोड देता येते. पावणेऐंशी म्हणजे ७९.७५ हे लक्षात असू द्यावं, घाईत ८०.७५ होतात. दीड, अडीच आणि पाऊण हे उपसर्ग नाहीत, पूर्ण शब्द आहेत. त्यांना यादीतच `1.5`, `2.5` आणि `0.75` अशा ओळी द्याव्यात.

राहिला B6, नुसते ७८. यावर एक सोपा तोडगा अनेकजण वापरतात. संख्या एकापेक्षा मोठी असेल तर ती टक्के आहे असं समजून शंभराने भागायचं, नाहीतर अपूर्णांक समजून तशीच ठेवायची. उगवणीच्या कॉलममध्ये बहुतेक वेळा हे निभावतं. पण सेलमध्ये `1` असेल तर काय? कुणी `100%` टाइप केलं असेल तर आत `1` च असतो, आणि एखाद्याचं सगळं बी किडलं, शंभरात एकच उगवला, तरीही तो `1` च लिहील. व्याजाच्या किंवा कमिशनच्या कॉलममध्ये तर ‘०.५’ म्हणजे अर्धा टक्का असतो, आणि हा तोडगा त्याला पन्नास टक्के करून टाकतो. म्हणून माझा नियम असा, की टक्क्याची खूण असेल तरच यंत्राने भागावं. खूण नसलेली, एक किंवा त्याहून मोठी संख्या माणसाकडे परत जावी. शेवटचा फॉर्म्युला G2 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(B2),IF(B2<1,B2,NA()),IF(LEN(E2)=LEN(TRIM(D2)),NA(),IFERROR(VALUE(E2),F2)/100))
```

सेलमध्ये आधीच एकाखालची संख्या असेल तर ती तशीच घ्या. एक किंवा मोठी असेल, किंवा मजकुरात टक्क्याची खूणच नसेल, तर `#N/A` दाखवा. खूण असलेला मजकूर असेल तर अंक म्हणून वाचून पाहा, नाही जमलं तर शब्दाची यादी पाहा, आणि शंभराने भागा. इथे `NA()` मुद्दाम आहे. त्या जागी मी आधी ‘विचारा’ असा शब्द ठेवला होता, आणि मग ध्यानात आलं की तोही मजकूरच. AVERAGE त्यालाही मुकाट्याने वगळणार. `#N/A` असला की सरासरीही `#N/A` होते आणि काम अपुरं आहे हे झाकलं जात नाही. याच कारणाने `IFERROR(…,0)` लिहून चुका शून्यात बदलायच्या सवयीवर माझा राग आहे. न कळलेली उगवण म्हणजे शून्य उगवण नव्हे.

B7, ७० ते ७५. इथे फॉर्म्युला `#N/A` देतो आणि तेच बरोबर आहे. मधला साडेबहात्तर धरायचं शीटला शिकवता येईल, पण मग न मोजलेला आकडा मोजलेल्यांच्या पंक्तीला बसेल. पल्ल्यांत आणखी एक सापळा आहे. कुणी ‘ते’ऐवजी आडवी रेघ मारली आणि आकडे लहान असले, जसे ‘१०-१२ टक्के’, तर खूण काढल्यावर `10-12` उरतं. VALUE त्याला तारीख समजू शकतं आणि दिवसांचा अनुक्रमांक देतं, पंचेचाळीस हजारांच्या वरचा. शंभराने भागल्यावर उगवण साडेचारशेपट दिसते! म्हणून G कॉलमला शेवटची अट घालायची, की किंमत ० आणि १ यांच्या दरम्यानच हवी. बाहेरची कुठलीही किंमत लाल रंगात यावी.

पाचव्या घरी फोन केला. “काका, अठ्ठ्याहत्तर लिहिलंय, ते शंभरातलेच ना?” पलीकडून उत्तर आलं, “शंभरच दाणे टाकले होते रे. बायकोने मोजले, मी नाही.” म्हणजे G6 मध्ये `78%`. सहाव्या घराला पुन्हा गोणपाट लावायला सांगितलं. दहा दिवसांनी बहात्तर आले, म्हणजे G7 मध्ये `72%`. आता G कॉलम असा आहे:

```
G2   0.85
G3   0.85
G4   0.85
G5   0.825
G6   0.78
G7   0.72
```

COUNT आणि COUNTA दोन्ही सहा. बेरीज ४.८७५, सरासरी ०.८१२५, म्हणजे सव्वाएक्क्याऐंशी टक्के.

सरासरी हा जाता जाता मिळालेला आकडा. खरा उपयोग प्रत्येक घराच्या बियाण्याचा. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बी सांगतात, म्हणजे एकरी चार. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. चार किलोंचे ७५ टक्के म्हणजे तीन किलो उगवणारं बी, असा आम्ही गटापुरता हिशोब धरला. तेव्हा H2 मध्ये फक्त `=3/G2`. पंच्याऐंशी टक्केवाल्याला एकरी ३.५३ किलो, साडेब्याऐंशीला ३.६४, अठ्ठ्याहत्तरला ३.८५ आणि बहात्तरला ४.१७. बहात्तर टक्केवाल्याचं बी किमान मर्यादेच्या खाली आहे. त्याने एकरी चार किलोंवर थोडं वाढवून पेरावं की बी बदलावं, हा निर्णय त्याचा. शीटने त्याला आकडा दिला.

हा भागाकार चूक पकडायलाही कामी येतो. शंभराने भागायचं राहिलं तर ३ भागिले ८५, म्हणजे एकरी पस्तीस ग्रॅम बी. दोनदा भागलं तर ३ भागिले ०.००८५, म्हणजे एकरी तीनशे त्रेपन्न किलो. पेरणी केलेला कुणीही माणूस हे दोन्ही आकडे पाहताक्षणी हसेल. टक्क्यांचा कॉलम बरोबर आहे की नाही हे टक्क्यांच्या कॉलममध्ये पाहून कळत नाही, त्यातून निघणारे किलो किंवा रुपये पाहिले की कळतं.

सेलच्या रूपाबद्दल एक गैरसमज इथेच सांगतो. `78` असलेल्या सेलवर टक्क्याचं बटण दाबलं की `7800%` दिसतं, कारण ते बटण आतली किंमत बदलत नाही, फक्त ती शंभरपट करून चिन्हासह दाखवतं. एक्सेलमध्ये रिकाम्या सेलला आधी टक्क्याचं रूप देऊन मग `78` टाइप केलं, तर आत `0.78` जातं. तोच आकडा, तेच बटण, फक्त क्रम उलटा, आणि उत्तरात शंभरपटीचा फरक. मजकुरावर तर हे बटण कितीही दाबलं तरी काहीच होत नाही.

यंत्राला कधीच कळणार नाही अशी एक गोष्ट मात्र राहते. गावात उसनवारीचा भाव ‘शेकडा दोन’ किंवा ‘दोन टक्के’ असा सांगतात, आणि तो महिन्याचा असतो. बचत गटाच्या वहीत ‘दोन टक्के’ लिहिलेलं असलं तर वरचा सगळा फॉर्म्युला त्याचे बिनचूक `0.02` करून देईल. बँकेच्या वर्षाच्या व्याजाच्या कॉलममध्ये ते बसवलं तर कर्ज बारापट स्वस्त दिसेल, कारण सरळव्याजाने महिन्याचे दोन टक्के म्हणजे वर्षाचे चोवीस. टक्के कशाचे आणि किती काळाचे, हे कॉलमच्या डोक्यावरच लिहावं लागतं.

पुढच्या हंगामासाठी आम्ही शीटचं डोकंच बदललं आहे. ‘उगवण’ या शब्दाच्या जागी आता ‘शंभर दाण्यांपैकी किती उगवले? फक्त अंक लिहा’ असा प्रश्न आहे, आणि सेलला ० ते १०० मधलीच संख्या घेण्याची अट आहे. शंभराने भागणं शेजारच्या कॉलममध्ये, एकदाच. भांडगावच्या आसपास कुणी गटाची, शाळेच्या हजेरीची किंवा ठिबकच्या अनुदानाची शीट बनवत असेल त्यांनी टक्के विचारू नयेत, मोजलेला आकडा विचारावा. आणि जुन्या शीटमधले ‘पंच्याऐंशी टक्के’ बदलून घेताना मूळ कॉलम पुसू नये.